समितीतले सर ज्याच्यावर तक्रार आहे त्याचेच जामीनदार निघाले तर

"ताई, लिहून काय होते? थे सारे एकाच ताटातले आहेत."

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यावर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. तालुक्याच्या गावांमध्ये हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकायला मिळालंय, की आता मी त्यावर वाद घालत नाही. एकच विचारते: "एकाच ताटातले म्हणजे नेमके कसे? कोण कोणाचा काय लागतो?" उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. फक्त ते कागदावर कधी आलेलं नसतं.

समितीतला एखादा सदस्य समोरच्या माणसाच्या बाजूचा वाटत असेल, तर त्यावर लेखी आक्षेप घेता येतो. तो कधी घ्यायचा, कोणाकडे द्यायचा, त्यात काय लिहायचं आणि काय मुळीच लिहायचं नाही, हे मी एका उदाहरणातून सांगते. उदाहरण बेतलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा मी कुठे ना कुठे पाहिलेला आहे.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात अनुदानित हायस्कूल आहे. संस्था तालुक्यात अशा तीन शाळा चालवते. या शाळेतल्या प्रयोगशाळा सहायक बाईंनी वरिष्ठ लिपिकाविरुद्ध ३ जुलैला लेखी तक्रार दिली. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे संस्थेने अंतर्गत समिती नेमलेली आहे. समितीत चार जण आहेत: अध्यक्ष म्हणून ज्येष्ठ शिक्षिका, एक गणिताचे सर, एक सहायक शिक्षिका आणि एका सामाजिक संस्थेतल्या बाहेरच्या सदस्य. ही नावं बाईंना ८ जुलैला कळली. खरं तर समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं हे कलम १९ प्रमाणे मालकाचं, म्हणजे इथे संस्थेचं काम आहे. आदेश लावलेला होताही, पण स्टाफरूममधल्या कपाटाच्या मागे.

नावं पाहून बाईंनी कपाळावर हात मारला. गणिताचे सर आणि लिपिक रोज सोबत चहाला जातात. बाईंनी त्याच रात्री वहीची दोन पानं भरली आणि सकाळी माझ्याकडे घेऊन आल्या. त्यांचे मुद्दे असे होते. बाहेरच्या सदस्य आणि लिपिक एकाच जातीचे आहेत. अध्यक्ष बाईंच्या बहिणीची मुलगी लिपिकाच्या चुलतभावाकडे दिलेली आहे. गणिताचे सर लिपिकाचे "खास" आहेत, शिवाय पगारदार पतसंस्थेतल्या त्याच्या कर्जाला जामीनदार आहेत. आणि शेवटी, अगदी ओळीच्या कोपऱ्यात: "सर ५ तारखेला संध्याकाळी घरी आले होते, मिटवून घ्या म्हणाले."

वजनाच्या क्रमाने लावले तर हे मुद्दे बरोबर उलटे बसतात. सगळ्यात भारी गोष्ट शेवटी आणि सगळ्यात हलकी सुरुवातीला. आक्षेपाचे बहुतेक अर्ज इथेच पडतात.

ओळख वेगळी, हितसंबंध वेगळा

आपल्याकडे गावात ओळख नाही असा माणूस शोधायचा म्हटलं तर परगावाहून आणावा लागेल. सोयरीक, भाऊबंदकी, एकच जात, शेताचा एकच धुरा, पोळ्याला एकाच तोरणाखाली उभे राहणारे बैल. नुसत्या ओळखीवर माणूस अपात्र ठरत गेला, तर तालुक्यात एकही समिती बसणार नाही. म्हणून कायदा विचारतो तो प्रश्न असा: या विशिष्ट नात्यामुळे हा सदस्य एका बाजूला झुकेल अशी भीती समंजस माणसाला वाटेल का?

यात "वाटेल का" हे शब्द महत्त्वाचे आहेत. सदस्याच्या मनात खरंच पक्षपात आहे, हे तक्रारदाराने सिद्ध करायचं नसतं. दुसऱ्याच्या मनात शिरून पुरावा कोण आणणार? सुप्रीम कोर्टाने १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात हे फार सरळ सांगितलं. ते प्रकरण लष्करी कोर्टाचं होतं. कोर्ट म्हणालं, की न्याय करायला बसलेल्याने "मी पक्षपाती आहे का" असं स्वतःच्या मनाला विचारून चालणार नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय येईल ते पाहावं. त्यामुळे "सरांना विचारलं, ते निःपक्ष असल्याचं सांगतात" असं उत्तर संस्थेकडून आलं, तर ते उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आहे.

आता बाईंचे मुद्दे एकेक करून पाहू.

जातीचा मुद्दा मी त्यांना खोडायला लावला. त्या रागावल्या. पण एका जातीचे आहेत एवढ्यावरून कोणी कोणाचं हित पाहील असं कागदावर मांडता येत नाही, आणि मांडलं की बाकीचे पक्के मुद्देही वाचणाऱ्याला द्वेषाचे वाटायला लागतात. आक्षेपाच्या अर्जात कच्चा मुद्दा नुसता निरुपयोगी नसतो, तो शेजारच्या पक्क्या मुद्द्यालाही नासवतो.

सोयरिकीचा मुद्दा मधला आहे. बहिणीची मुलगी चुलतभावाकडे, हे नातं दूरचं. पण जाणं-येणं किती आहे त्यावर वजन बदलतं. लग्नाच्या पत्रिकेत दोन्ही घरांची नावं निमंत्रक म्हणून एकाखाली एक असतील तर गोष्ट वेगळी. इथे तसं काही नव्हतं. म्हणून अध्यक्ष बाईंना हटवायची मागणी न करता, त्यांनी हे नातं स्वतःहून लेखी उघड करावं एवढंच मागायचं ठरलं. कागदावर नोंद आली की उद्या "आम्हाला माहीतच नव्हतं" असं कोणाला म्हणता येत नाही.

जामीनदारीचा मुद्दा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तो बाईंना स्वतःलाच नीट दिसलेला नव्हता. त्यांना वाटत होतं, जामीनदार म्हणजे दोस्तीचा पुरावा. तसं पाहिलं तर शाळेशाळेत शिक्षक आणि कर्मचारी एकमेकांना जामीन राहतात, आज तू माझा, उद्या मी तुझा. दोस्तीचा पुरावा म्हणून ते फिकंच आहे. पण पैशाच्या अंगाने पाहा. लिपिकाची नोकरी गेली तर पगारातून होणारी कर्जाची कपात थांबते. कपात थांबली की पतसंस्था वसुलीला जामीनदाराकडे येते, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे लिपिकावर कडक कारवाईची शिफारस करताना सरांना स्वतःच्या खिशाचा विचार येणार. ज्या निकालातून माणसाला स्वतःला पैशाचा फायदा-तोटा आहे, तिथे त्याने न्याय करायला बसू नये, हा या विषयातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडक नियम आहे. दोस्तीसाठी भीती कितपत रास्त हे तोलावं लागतं, थेट पैशाच्या हितसंबंधात एवढं तोलत बसावं लागत नाही.

आणि ५ तारखेची भेट. कायद्यात समेटाची सोय आहे, कलम १० मध्ये. पण ती चौकशी सुरू होण्याआधी, तक्रारदार बाईने स्वतः विनंती केली तरच, आणि पैसे देऊन मिटवणं तर मुळीच चालत नाही. बाईंनी विनंती केलेली नसताना समितीचा सदस्य दिवेलागणीला घरी येतो, सासूसमोर चहा घेतो आणि सांगतो, "मिटवून घ्या, लेकरं मोठी होऊन राह्यली, बदनामी तुमचीच होते." हे झुकणं नात्यावरून ओळखायचं राहिलेलं नाही, ते वागण्यातून दिसलेलं आहे. बाईंनी ते ओळीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, कारण त्यांच्या मते सर "समजूत घालायला" आले होते.

थांबलात तर हक्क जातो

खूप जणी म्हणतात, आधी काय निकाल देतात ते पाहू, विरोधात गेला तर मग आक्षेप घेऊ. असं करू नका. यात प्रकरण हातचं जातं, आणि ते कसं जातं याचं उदाहरण १९५७ सालचं आहे.

राजस्थानातल्या सोजत गावचे वकील माणकलाल यांच्याविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार झाली. चौकशीला तिघांचं न्यायाधिकरण नेमलं. त्याच्या अध्यक्षांनी पूर्वी एका प्रकरणात तक्रारदाराच्या बाजूने वकीलपत्र घेतलेलं होतं. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने मान्य केलं, की अशा माणसाने अध्यक्ष म्हणून बसायला नको होतं. तरीही माणकलाल हरले. कारण त्यांना हे सगळं आधीपासून माहीत होतं आणि चौकशी चालू असताना ते गप्प बसले. निकाल विरोधात गेल्यावर हायकोर्टात त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. कोर्टाच्या मते त्यांनी आक्षेपाचा हक्क स्वतःच सोडून दिला होता.

म्हणून मोजायचं ते कळल्या तारखेपासून. कायद्यात आक्षेपासाठी दिवस ठरवून दिलेले नाहीत, पण नावं ८ तारखेला कळली तर अर्ज १० तारखेला जायला हवा, पहिल्या सुनावणीच्या आधी. नातं मध्येच कळलं तर ज्या दिवशी कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहा, आणि "मला ही गोष्ट अमुक तारखेला अमक्याकडून कळली" हे वाक्य अर्जात ठेवा. उशीर का झाला हे त्या एका वाक्यातून कळतं.

एका गोष्टीवर नजर ठेवा. काही ठिकाणी पहिल्या सुनावणीच्या हजेरीपत्रकावर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं: "समितीच्या रचनेबाबत माझा कोणताही आक्षेप नाही." घाईघाईत सही होऊन जाते. ती ओळ आडवी रेघ मारून खोडा, शेजारी "दि. १० जुलैचा आक्षेप कायम ठेवून" असं लिहा आणि मगच सही करा.

अर्ज

अर्ज द्यायचा तो समिती नेमणाऱ्याकडे. शाळेच्या बाबतीत संस्थेचे सचिव, कारण समितीच्या आदेशावर त्यांची सही असते. एक प्रत समितीच्या अध्यक्षांना. बस, आणखी कुणाला नाही. आपल्याकडे अर्जाखाली प्रतिलिपीची रांग लावायची सवय आहे: आमदार, पालकमंत्री, शिक्षणाधिकारी, दोन वर्तमानपत्रं. इथे ती सवय महागात पडते. तक्रारदार, समोरचा माणूस, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतला मजकूर जाहीर करायला कलम १६ ने मनाई केलेली आहे. त्याच कारणाने हा अर्ज गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही आणि ग्रामसभेत वाचायचा नाही.

बाईंचा अर्ज शेवटी एका पानाचा झाला. तो असा:

प्रति,
मा. सचिव, (संस्थेचे नाव)
प्रत: मा. अध्यक्ष, अंतर्गत समिती

विषय: माझ्या दि. ३ जुलैच्या तक्रारीच्या चौकशीतून एका सदस्यांना बाजूला ठेवून त्यांच्या जागी दुसरे सदस्य देण्याबाबत.

महोदय,
समितीच्या सदस्यांची नावे मला दि. ८ जुलै रोजी स्टाफरूममध्ये लावलेल्या आदेशावरून समजली. सदस्य श्री. (नाव) यांच्याबाबत माझा पुढील कारणांसाठी आक्षेप आहे.

१. दि. ५ जुलै रोजी सायंकाळी सुमारे सात वाजता ते माझ्या घरी आले व तक्रार मिटवून घ्या असे मला म्हणाले. मी समेटाची विनंती केलेली नव्हती व नाही. त्या वेळी माझ्या सासूबाई घरी हजर होत्या.

२. माझ्या माहितीप्रमाणे ते गैरअर्जदाराच्या पतसंस्थेतील कर्जाला जामीनदार आहेत. गैरअर्जदाराच्या नोकरीवर परिणाम झाल्यास कर्जाची वसुली त्यांच्याकडून होऊ शकते. हे खरे आहे की नाही, ते त्यांनी लेखी सांगावे.

यामुळे माझ्या तक्रारीची चौकशी त्यांच्याकडून निःपक्षपणे होणार नाही अशी मला रास्त भीती वाटते. तरी या चौकशीपुरते त्यांना बाजूला ठेवून त्यांच्या जागी दुसरे सदस्य द्यावेत. तसेच सर्व सदस्यांनी गैरअर्जदाराशी असलेले नातेसंबंध व आर्थिक संबंध लेखी नोंदवावेत.

या अर्जावर निर्णय होईपर्यंत त्यांच्यासमोर माझा जबाब घेऊ नये. निर्णय न होता सुनावणी ठेवल्यास मी हा आक्षेप कायम ठेवून हजर राहीन. मी चौकशीला पूर्ण सहकार्य करीत आहे.

(सही, दिनांक)

या अर्जात कोणाला दूषण देणारा शब्द एकही नाही. "भ्रष्ट", "विकले गेलेले", "संगनमत" यांपैकी काहीच नाही. तारीख, वेळ, कोण हजर होतं, काय बोललं गेलं, एवढंच आहे. मूळ दोन पानांत "हे सर्व मॅनेज झालेले आहे" असं तीनदा लिहिलेलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर चर्चा बाईंच्या भाषेवर झाली असती आणि जामीनदारी बाजूला राहिली असती.

"माझ्या माहितीप्रमाणे" हे शब्दही मुद्दाम आहेत. पतसंस्थेचा कर्जाचा कागद बाईंच्या हाती नव्हता आणि मिळणारही नव्हता. त्यामुळे ठाम विधान न करता, ज्याला खरं माहीत आहे त्यालाच उत्तर द्यायला लावलं. सर "नाही" लिहून देऊ शकत नाहीत, कारण जामीनपत्रावर सही त्यांचीच आहे.

तिसरी गोष्ट मागणीची. पुष्कळ अर्जांत "यांना समितीतून काढून टाका" असं असतं. सदस्याला कायमचं काढण्याची कारणं कलम ४ मध्ये ठरलेली आहेत: गुप्तता मोडणं, गुन्ह्यात शिक्षा होणं किंवा चौकशी चालू असणं, शिस्तभंगाची कारवाई, पदाचा गैरवापर. दोस्ती किंवा जामीनदारी त्या यादीत नाही. संस्था एका ओळीत कळवते की कलमात बसत नाही, आणि अर्ज दप्तरी जातो. "या चौकशीपुरते बाजूला ठेवा" ही मागणी, ज्याचा हितसंबंध आहे त्याने न्याय करायला बसू नये या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर उभी आहे, तिला ती यादी लागत नाही.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. "ठेवून जा, नंतर पाहू" असं लिपिक म्हणू शकतो, आणि या प्रकरणात तर आवक-जावक वही ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर होती! अशा वेळी पोस्टाने पोच-पावतीसह पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

"आमच्याकडे दुसरं कोणी नाही"

संस्थेचं पहिलं उत्तर साधारण हेच असतं. छोटी शाळा, माणसं मोजकी, आता कुठून आणायचं? पण आकडे पाहा. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य लागतात. समितीत चार आहेत. म्हणजे सर बाजूला झाले तरी उरलेल्या तिघींनी बसता येतं. आदेश मात्र लेखी निघावा, नाहीतर पुढे कोणीतरी "समिती अपुरी होती" म्हणून अहवाल पाडायला जातं. आक्षेप अध्यक्षांवरच असेल तर काय? शाळेत दुसरी ज्येष्ठ महिला नसेल, तर संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून किंवा दुसऱ्या संस्थेतूनही अध्यक्ष आणता येतात, तशी तरतूद कलम ४ मध्येच आहे. इथे संस्थेच्या आणखी दोन शाळा आहेत. तेव्हा "दुसरं कोणी नाही" हे कारण टिकत नाही.

कधीकधी मधला तोडगा सुचवला जातो: "बाईंचा जबाब होईल तेवढा वेळ सर बाहेर बसतील." हा तोडगा घेऊ नका. १९६९ साली क्रैपक प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे नेमकी अशीच गोष्ट होती. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी निवड चालू होती. निवड मंडळावर बसलेले प्रभारी मुख्य वनसंरक्षक स्वतःच उमेदवार होते. त्यांच्या नावाचा विचार होताना ते बसले नाहीत, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार होताना बसले. कोर्टाने ती निवड रद्द केली. जो थोडा वेळ बाहेर जाऊन परत येतो तो अहवाल लिहिताना आतच असतो.

संस्थेने उत्तरच दिलं नाही, किंवा आक्षेप फेटाळला, तर सुनावणीला जायचं. रागाने घरी बसायचं नाही. सबळ कारणाशिवाय ओळीने तीन सुनावण्यांना गैरहजर राहिलं, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन समितीला चौकशी बंद करता येते किंवा एकतर्फी निर्णय देता येतो. बहिष्कार टाकणं म्हणजे समोरच्याचं काम सोपं करणं. जायचं, सुरुवातीलाच "माझा १० जुलैचा आक्षेप कायम आहे, तो कार्यवाहीत नोंदवा" असं सांगायचं, नोंदवलं की नाही ते वाचून पाहायचं, आणि मग जबाब द्यायचा. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. अहवाल विरोधात गेला तर शिफारशीपासून ९० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे हा आक्षेप पहिल्या दिवसापासून नोंदलेला असणं फार उपयोगी पडतं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट करण्याचा मार्गही आहे, पण चौकशी अर्धवट असताना कोर्ट सहसा हात घालत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल, किंवा कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं असतील, तर हा सगळा मार्गच बदलतो. मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते आणि सदस्यावरचा आक्षेप ती समिती नेमणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्याकडे द्यायचा. बाकी रीत तीच.

आक्षेपाचा हा हक्क ज्याच्यावर तक्रार आहे त्यालाही तितकाच आहे, हे मला माझ्याच अंगावर शिकायला मिळालं. एका कार्यालयाच्या समितीवर असताना समोरच्या माणसाने माझ्यावर आक्षेप घेतला. दोन ओळींचा अर्ज होता: तक्रार ज्या खोलीत लिहिली गेली ती खोली माझ्या संस्थेची आहे आणि अक्षर माझ्या सहकारी कार्यकर्तीचं आहे. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी अध्यक्षांचा फोन घेतला नाही. मी पक्षपात करणार नव्हते, हे मला माहीत होतं. पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याची भीती अगदी रास्त होती. तिसऱ्या दिवशी मी एक पान लिहून दिलं आणि बाजूला झाले. त्याच्या हातातलं उद्याच्या अपिलाचं कारण तिथेच गेलं.

आक्षेपाचा गैरवापरही होतो. एका सदस्यावर आक्षेप, तो बदलला की नव्यावर आक्षेप, मग त्याच्या जागी आलेल्यावर. नव्वद दिवस असेच काढायचे. समितीने अशा वेळी प्रत्येक आक्षेपावर चार ओळींचा सकारण निर्णय लिहावा आणि पुढे जावं. कारण लिहिलेलं असलं की कोणी तक्रार केली तरी समितीला उत्तर देता येतं.

उदाहरणातल्या बाईंकडे परत येऊ. संस्थेने सरांना उत्तर मागितलं. जामीनदारीचं त्यांनी मान्य केलं, पण "ती सर्वच कर्मचारी एकमेकांना देतात" अशी पुस्ती जोडली. घरी गेल्याचंही मान्य केलं, "सद्भावनेने" गेलो होतो म्हणाले. अध्यक्ष बाईंनी आपली सोयरीक एका ओळीत लिहून दिली, आणि त्यावर बाईंनी आक्षेप नाही असं कळवलं. सचिवांनी २० जुलैला आदेश काढून सरांच्या जागी संस्थेच्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षिकेला नेमलं. पहिली सुनावणी २८ जुलैला ठेवली.

पण सरांनी घरी आल्याचं लेखी मान्य केलं तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. तक्रार मागे घेण्यासाठी दबाव आला का, हा आता चौकशीतला एक मुद्दा झाला, आणि त्या मुद्द्यावर काय बोलणं झालं ते स्वतः ऐकलेली माणसं तीनच: बाई, सासूबाई आणि सर. जो साक्ष देतो त्यानेच ती साक्ष तोलायला बसू नये, हे सुप्रीम कोर्टाने १९५७ साली मोहम्मद नूह या पोलीस कर्मचाऱ्याच्या खातेनिहाय चौकशीबद्दल सांगितलेलं आहे. म्हणजे जामीनदारी नसती तरी सरांना त्या टेबलाच्या मागे बसता आलं नसतं.

बाईंनी समितीला साक्षीदारांची यादी दिली. त्यात चार नावं होती. चौथं गणिताच्या सरांचं.